तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाची किंमत

समोरून दार उघडणारं सात किलोचं वॉशिंग मशीन पसंत झालेलं असतं, कार्ड बाहेर निघालेलं असतं आणि त्याच वेळी काउंटरवरचा मुलगा दुसरा कागद पुढे सरकवतो. कंपनीची वॉरंटी दोन वर्षांची आहे, ३,९०० रुपये भरले की आणखी दोन वर्षं वाढते. "नुसता बोर्ड गेला तरी आठ हजार जातात," असं तो सांगतो, आणि ते खोटं नसतं. बत्तीस हजारांच्या वस्तूवर चार हजारांनी फारसं काही बिघडत नाही असं त्या क्षणी वाटतं. बहुतेक घरांत हा निर्णय त्या दोन मिनिटांत होऊन जातो.

या लेखातल्या रकमा एक उदाहरण उभं करण्यासाठी धरलेल्या आहेत. आपल्या गावातल्या, आपल्या मॉडेलच्या रकमा त्या जागी घालाव्यात. हिशेबाची पद्धत तीच राहते.

पहिला प्रश्न त्या मुलाच्याच वाक्यातून निघतो. बोर्ड बसवून, व्हिजिट आणि १८ टक्के जीएसटी धरून आठ हजारांना पडतो असं मानू. मग ३,९०० रुपये म्हणजे त्या खर्चाचा जवळपास निम्मा भाग झाला. तेव्हा विचारायचं ते असं: अशी दहा मशीनं घेतली, तर तिसऱ्या आणि चौथ्या वर्षात त्यांतल्या पाचांचा बोर्ड जाईल का? जात असेल तर वाढीव वॉरंटी बरोबरीत सुटते. दोनांचाच जात असेल तर आपण दुपटीहून जास्त पैसे मोजतोय. दुकानात फक्त नुकसानीचा आकडा सांगितला जातो, ते नुकसान किती जणांचं होतं हे सांगितलं जात नाही. ती दुसरी बाजू आपल्यालाच शोधावी लागते आणि ती शोधता येते.

त्यासाठी मशीन कसं म्हातारं होतं हे आधी पाहायला हवं. कारखान्यातून सदोष निघालेले भाग सहसा लवकर दगा देतात. सैल राहिलेला जोड, कच्चं सोल्डरिंग, गळका व्हॉल्व्ह हे पहिल्या काही महिन्यांत उघडं पडतं, आणि तेव्हा कंपनीची मूळ वॉरंटी चालू असते. त्यानंतर बरीच वर्षं तुलनेनं शांत जातात. मग झिजेचे दिवस येतात. वाढीव वॉरंटीची दोन वर्षं बरोबर मधल्या शांत काळात पडतात. त्या काळात काहीच बिघडत नाही असं नाही, पण जे बिघडतं त्यातलं पुष्कळसं किरकोळ असतं.

फ्रंट लोडमधलं सगळ्यात धास्तीचं दुखणं म्हणजे ड्रमचं बेअरिंग. ड्रमच्या मागच्या दांड्यावर दोन बेअरिंगं असतात आणि त्यांच्यापुढे पाणी अडवणारं रबरी सील. वर्षानुवर्षं गरम पाणी, साबण आणि वाळूचे बारीक कण यांनी सीलची कड झिजते. पाणी थेंबाथेंबानं बेअरिंगपर्यंत पोचतं, आतलं ग्रीस धुऊन जातं आणि गंज धरतो. आधी स्पिनच्या वेळी घरघर वाढते, पुढे विमान उडाल्यासारखा आवाज येऊ लागतो. खात्री करायची तर मशीन बंद ठेवून, दार उघडून, रिकाम्या ड्रमची वरची कड आतून बोटांनी उचलून पाहावी. बाहेरच्या टबासकट सगळं एकत्र हललं तर ते स्प्रिंगांचं झुलणं आहे, त्यात काही वावगं नाही. आतला ड्रमच तेवढा टबाच्या आत खटखटला तर बेअरिंग गेलं. हाताने ड्रम फिरवताना खरखर लागणं आणि मागच्या बाजूला तांबूस ओघळ दिसणं ही त्याचीच चिन्हं.

हे दुखणं झिजेचं आहे, म्हणून बहुतेक घरांत ते चार वर्षं उलटून गेल्यावर येतं. वाढीव वॉरंटी तेव्हा संपलेली असते. त्यातही एक गोष्ट खरेदीपूर्वी विचारून ठेवण्यासारखी आहे: टबाचे दोन अर्धे भाग स्क्रूनं जोडलेले आहेत की वितळवून चिकटवलेले? स्क्रूचा टब उघडून फक्त बेअरिंगं आणि सील बदलता येतात. चिकटवलेला टब असेल तर कंपनीचा माणूस अख्खा ड्रम-टब बदलायला सांगतो आणि बिल दुप्पट-अडीचपट होऊ शकतं. सेल्समनला हे ठाऊक नसतं, त्या कंपनीची मशीनं खोलणाऱ्या मेकॅनिकला नक्की ठाऊक असतं. या एका उत्तरानं मशीनचा पुढचा खर्च जितका ठरतो, तितका वॉरंटीच्या कागदानं ठरत नाही असं मला वाटतं.

मोटरचं म्हणाल तर तिच्यावर बऱ्याच कंपन्या आधीच दहा वर्षांची वॉरंटी देतात. तीत बहुधा फक्त सुटा भाग फुकट असतो. मजुरी आणि व्हिजिट आपल्याकडे. तरीही मोटरची भीती घालून कुणी वाढीव वॉरंटी विकत असेल, तर जी गोष्ट मूळ किमतीत मिळालीय तिच्यासाठी आपण पुन्हा पैसे देतोय हे लक्षात यायला हवं. मोटरही सहसा लवकर जात नाही.

मग तिसऱ्या-चौथ्या वर्षात खरोखर काय जातं? ड्रेन पंप जातो. खिशातलं नाणं, केसांची पिन, ब्राची तार हे सगळं खाली येऊन पंपाच्या पंख्यात अडकतं, पाणी बाहेर जात नाही आणि एलजीच्या मशीनवर पडद्यावर OE दिसू लागतं. दाराचं लॉक जातं. पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह गाळानं तुंबतो किंवा त्याची कॉइल जळते. क्षाराच्या पाण्यात हीटरवर पांढरा थर चढतो, त्याची उष्णता पाण्यात जाऊ शकत नाही आणि तो आतल्या आत तापून जळतो. दाराचं रबरी गॅसकेट घडीत काळं पडतं, मग चिरतं. आणि अधूनमधून बोर्ड जातो. या यादीत महाग म्हणावी अशी वस्तू बोर्डच. बाकीची कामं बहुधा एक ते तीन हजारांत बसतात.

आता या बिघाडांची कारणं एकीकडे ठेवा आणि वॉरंटीच्या कागदावरची बारीक अक्षरं दुसरीकडे. या लेखात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही तुलना. पंपात नाणं अडकलं तर ते 'फॉरेन ऑब्जेक्ट', म्हणून वॉरंटीबाहेर. उंदरानं खालून शिरून वायर कुरतडली तर 'रोडंट डॅमेज', बाहेर. झुरळ बोर्डावर चढून शॉर्ट झालं तर तेही पुष्कळ ठिकाणी बाहेर. वीज कमीजास्त होऊन बोर्ड जळला तर 'व्होल्टेज फ्लक्च्युएशन', बाहेर. बोअरवेलच्या पाण्याचा क्षार असेल तर हीटर बाहेर. कोकणात, गोव्यात खाऱ्या हवेनं पत्रा गंजला तर तोही बाहेर. रबर आणि प्लॅस्टिकचे भाग अनेक योजनांत वगळलेलेच असतात, म्हणजे गॅसकेटही गेलं. प्रत्येक योजनेत ही सगळी वगळणी असतील असं नाही, पण यांतली दोन-चार नसलेला कागद विरळाच.

याचा अर्थ असा की ज्या कारणांमुळे आपल्या घरी बिघाडाची शक्यता जास्त आहे, नेमकी तीच कारणं बहुतेकदा वगळलेली असतात. "आमच्याकडे लाइट फार जाते-येते, म्हणून घेऊन टाकू," असं म्हणत वाढीव वॉरंटी घेणाऱ्या माणसाला हे कळल्यावर वाईट वाटणं साहजिक आहे. त्याची काळजी खरीच असते, पण त्या कागदात तिचं उत्तर नसतं. विजेवरचं उत्तर चांगला सर्ज प्रोटेक्टर आणि नीट तपासलेलं अर्थिंग हे आहे. उंदरांवर, मशीनच्या खालच्या मोकळ्या बाजूला बसवायचा पत्रा किंवा जाळी. क्षारावर, कंपनीनं सांगितलेल्या अंतरानं डिस्केलिंग पावडर घालून रिकामी गरम सायकल. पंपावर, खालच्या कोपऱ्यातलं झाकण उघडून महिन्यातून एकदा फिल्टर धुणं. हे सगळं मिळूनही खर्च ३,९०० च्या बराच खाली राहतो, आणि यानं बिघाडच कमी होतात.

आता शक्यतेचा आकडा. तो मिळवायला कुठल्या संस्थेचा अहवाल लागत नाही, मोठ्या सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप पुरतो. फक्त प्रश्न नीट विचारायचा. "तुमचं मशीन कसं आहे?" असं विचारलं तर "मस्त" आणि "बकवास" एवढंच हाती लागतं. विचारायच्या गोष्टी चार: मशीन कोणत्या साली घेतलं, दुरुस्ती झाली तेव्हा ते किती वर्षांचं होतं, काय बदललं, आणि एकूण किती पैसे दिले. शिवाय जे मशीन भंगारात काढलं त्याचीही माहिती मागायची, नाहीतर फक्त तगलेल्या मशीनांचं कौतुक गोळा होतं आणि चित्र खऱ्याहून बरं दिसतं.

समजा २२ घरांनी उत्तरं दिली. त्यातली ५ मशीनं दोन वर्षांच्या आतली आहेत. आपल्या प्रश्नावर ती काहीच सांगू शकत नाहीत, म्हणून ती बाजूला. ४ मशीनांना तीन वर्षं झालीत. त्यांनी तिसरं वर्ष पाहिलंय, चौथं अजून नाही. म्हणून प्रत्येकी १ वर्ष, एकूण ४. उरलेली १३ मशीनं चार वर्षं ओलांडून गेलीत. त्यांनी प्रत्येकी २ वर्षं दिली, एकूण २६. म्हणजे आपल्या कामाची ३० वर्षं जमली. घरांची संख्या मोजण्यापेक्षा अशी वर्षं मोजणं बरोबर, कारण वॉरंटीही आपण वर्षांचीच विकत घेत असतो.

या ३० वर्षांत, फक्त मशीनच्या वयाच्या तिसऱ्या आणि चौथ्या वर्षात, झालेल्या दुरुस्त्या अशा निघाल्या असं धरू: एक बोर्ड ८,०००, दोन ड्रेन पंप प्रत्येकी २,२००, एक दाराचं लॉक १,४००, एक गॅसकेट ३,०००, एक पाण्याचा व्हॉल्व्ह १,२००. बेरीज १८,०००. आता वॉरंटीचा कागद समोर ठेवून काट मारायची. गॅसकेट रबराचं, ते गेलं. एका पंपात नाणं सापडलं होतं, तोही गेला. उरले १२,८००. याला ३० नी भागलं की वर्षाला ४२७ रुपये, दोन वर्षांचे साधारण ८५०. जी वस्तू ३,९०० ला विकली जातेय तिची या इमारतीच्या अनुभवावरून निघणारी किंमत ही एवढी.

बावीस घरं म्हणजे फार मोठा नमुना नव्हे, ही शंका रास्त आहे. एखादा बोर्ड केवळ नशिबानं वाचला असेल. म्हणून हिशेब आपल्याच विरुद्ध ताणून पाहायचा. आणखी एक बोर्ड जळाला असं धरलं तर किंमत १,४०० च्या आसपास जाते. आणखी दोन जळाले तर १,९००, म्हणजे विक्रीच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत. ३,९०० वसूल व्हायला एकाचे सात बोर्ड व्हावे लागतात. एवढं ताणूनही उत्तर बदलत नसेल, तर नमुना लहान असला तरी निर्णयापुरता तो पुरेसा आहे. १,४०० आणि १,६०० मधला फरक अशा चौकशीतून कळणार नाही, पण तो कळण्याची गरजही नसते.

याच चौकशीत आणखी एक गोष्ट बहुधा दिसते. लोकांनी सांगितलेली मोठी बिलं एका बाजूला काढली तर त्यांतली बरीचशी सहाव्या ते नवव्या वर्षातली असतात, आणि ती बेअरिंगची असतात. ३,९०० रुपये दुकानात न देता बँकेत साडेसहा टक्क्यांनी ठेवले, तर सात वर्षांनी, कर सोडून, ते ६,०६० होतात. स्क्रूच्या टबाचं बेअरिंग-सीलचं काम साडेसहा हजारांचं धरलं तर ते त्यात जवळजवळ बसतं. आणि पैसे आज भरले तरी वाढीव वॉरंटी चालू होते ती दोन वर्षांनी, हेही विसरू नये.

बोर्डाच्या आठ हजारांकडेही एकदा नीट पाहायला हवं. तो कंपनीचा नवा बोर्ड बदलण्याचा भाव आहे. वॉरंटीबाहेरच्या मशीनचा बोर्ड दुरुस्तही होतो. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, अशा भागांत आणि लहान शहरांतही हे काम करणारे कारागीर मिळतात. बऱ्याचदा पॉवर सप्लायमधला एखादा व्हॅरिस्टर, कॅपॅसिटर किंवा रिले गेलेला असतो, आणि असं काम नव्या बोर्डाच्या बऱ्याच कमी पैशांत होतं. अडचण येते ती ओलीपासून जपण्यासाठी अख्खा बोर्ड रबरासारख्या पारदर्शक लेपात बुडवलेला असतो तेव्हा. तो लेप खरवडून काम करणं वेळखाऊ असतं आणि काही जण नकारच देतात. म्हणून बोर्ड गेला की नव्याला हो म्हणण्याआधी जुना काढून, फोटो काढून, एका कारागिराला दाखवावा. दुरुस्ती चालली तर त्यावर किती महिन्यांची हमी ते बिलावर लिहून घ्यावं. हा मार्ग ज्यांच्या हाताशी आहे, त्यांच्यासाठी वाढीव वॉरंटीची किंमत वरच्या हिशेबापेक्षाही कमी ठरते.

तरी काही घरांत मी ती घ्या असंच म्हणेन. वॉशर-ड्रायर एकत्र असलेल्या मशीनमध्ये सुकवणारा हीटर, पंखा आणि जादा सेन्सर असतात. बिघडण्याच्या जागा वाढतात, भागही महाग असतात, तिथे दर बरा असेल तर विचार करावा. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठ माणसांना मेकॅनिकशी भावावरून बोलणंच नकोसं होतं. त्या निवांतपणाचे पाचसातशे रुपये जास्त द्यायला काहीच हरकत नाही, फक्त ते आपण निवांतपणासाठी देतोय हे ठाऊक असावं. आणि आठ हजारांचं बिल अचानक आलं तर ज्या घराला उसने मागावे लागतील, त्यांनी सरासरीपेक्षा जास्त मोजून का होईना तो धोका दुसऱ्यावर टाकणं शहाणपणाचं ठरू शकतं. विमा त्यासाठीच असतो. मात्र खानावळ, पीजी किंवा होमस्टेसाठी मशीन घेत असाल तर थांबा. तिथे वापर जास्त, म्हणून वॉरंटीची गरजही जास्त वाटते, पण व्यावसायिक वापर बहुतेक घरगुती योजनांत बसत नाही. तालुक्याच्या गावाबाहेर राहणाऱ्यांनी पालिका हद्दीबाहेरच्या प्रवासखर्चाचं कलम वाचावं. वॉरंटी असूनही तो आपल्याकडून घेतला जाऊ शकतो.

घ्यायचीच असेल तर कुणाची, हा फरकही मोठा आहे. मशीन बनवणाऱ्या कंपनीची स्वतःची वाढीव वॉरंटी असेल तर नोंद तिच्याकडेच असते आणि तोच सर्व्हिस सेंटरचा माणूस येतो. दुकानाची किंवा तिसऱ्याच कंपनीची योजना असेल तर तीन गोष्टी कागदावर शोधाव्यात. दोन वर्षांत मिळून जास्तीत जास्त किती रकमेची दुरुस्ती होईल? मशीन दुरुस्त होण्यासारखं नसेल तर किती घसारा कापून परतावा मिळेल, आणि तो रोख की त्याच दुकानाच्या व्हाउचरमध्ये? भाग नवे मूळ कंपनीचे बसवतील की कुठलेही? हा कागद पैसे देण्याआधी मागायचा. "नंतर मेलवर येईल" हे उत्तर मिळालं तर पैसेही नंतर द्यावेत. कबूल केलेली दुरुस्ती पुढे नाकारली गेलीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, आणि तिथे हाच कागद आणि तक्रार क्रमांक कामी येतात.

नंतर देण्यात खरंतर फारसं काही हरवतही नाही. बऱ्याच कंपन्या मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत कधीही मुदत वाढवून देतात. तेव्हा दर थोडा वेगळा असू शकतो, पण हाती एक अशी गोष्ट आलेली असते जी दुकानात नव्हती: आपल्याच मशीनची दोन वर्षांची हकिकत. म्हणून प्रत्येक तक्रारीचा क्रमांक, तारीख आणि काय बदललं ते बिलाच्या पाकिटावर लिहून ठेवावं, वॉरंटीत फुकट झालं असलं तरी. दोन वर्षांत एकदाही कुणाला बोलवावं लागलं नसेल, तर मशीन सुरुवातीच्या दोषांतून पार पडलंय. नाणं अडकल्यानं पंप बदलला असेल तर तो मशीनचा दोष नव्हे, खिसे तपासण्याचा प्रश्न आहे. पण कारण न सापडता बोर्ड दोनदा बदलला गेला असेल, तर गोष्ट निराळी. अशा मशीनचा हिशेब सोसायटीच्या सरासरीवरून करता येत नाही, आणि तेव्हा ३,९०० रुपये मला महाग वाटणार नाहीत. फक्त बदललेल्या बोर्डाच्या जॉबशीटवर कारण म्हणून 'व्होल्टेज' लिहिलेलं नाही ना, हे आधी पाहून घ्यावं. लिहिलं असेल तर पुढचा दावा त्याच शब्दावर अडू शकतो, आणि अशा वेळी पहिला फोन इलेक्ट्रिशियनला करून सॉकेटचं अर्थिंग मोजून घ्यावं.

मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये खरेदीनंतरच्या बाविसाव्या महिन्याची आठवण लावून ठेवावी. त्या आठवड्यात ड्रम उचलून पाहायचा, स्पिनचा आवाज ऐकायचा, दाराचं रबर घडी उलगडून बघायचं, आणि काही संशयास्पद असेल तर तक्रार मूळ वॉरंटीतच नोंदवायची. उरलेले दोन महिने भाग मागवून बदलून घ्यायला पुरतात.